पेटीत टाकलेलं कार्ड

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या नणंदेने सीताबर्डीत एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन ब्यूटी पार्लर उघडलं. मुंबईला राहून ती कोर्स करून आली होती. मी लग्न होऊन त्या घरात नवीनच आले होते. थ्रेडिंग मी तिच्याकडूनच शिकले आणि काउंटरही माझ्याकडेच आला, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

येणाऱ्या प्रत्येक बाईचं एक पुठ्ठ्याचं कार्ड असायचं. नाव, पत्ता, कुठल्या डायने डोकं खाजलं, कुणाच्या गालाला ब्लीच सोसत नाही, असं सगळं त्यावर असे. खाली वाढदिवस, नवऱ्याचं नाव आणि लग्नाची तारीख. या तारखा बायका आपणहून सांगत, कारण त्या दिवसांसाठी त्यांना आधीच वेळ लावून ठेवायची असे.

मग समोरच्या गल्लीत दुसरं पार्लर निघालं आणि आमच्या काही नेहमीच्या बायका तिकडे वळल्या. नणंद म्हणाली, "आपल्याजवळ तारखा लिहून आहेतच. शुभेच्छांची कार्डं पाठवू. कोणाले आपली आठवण ठेवलेली वाईट वाटते?"

मलाही ते पटलं. महिना सुरू झाला की त्या महिन्यातल्या तारखांची पुठ्ठ्याची कार्डं मी वेगळी काढायची, आणि तारखेच्या दोन-तीन दिवस आधी शुभेच्छापत्र पाकिटात घालून पोस्टात टाकायचं. आतला मजकूर नणंद सांगायची. शेवटी एक ओळ ठरलेली असे: या आठवड्यात आलात तर केस सेट करून देऊ, आमच्याकडून भेट. पहिल्या दोन महिन्यांत बायका हसत हसत पाकिटं घेऊन आल्या. एकीने तर शुभेच्छापत्र घरच्या शोकेसमध्ये लावल्याचं सांगितलं. आम्ही खूश होतो.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर असलेली एक बाई आमच्याकडे अगदी सुरुवातीपासून यायची. प्रताप नगरला मोठ्या कुटुंबात राहायची. ड्यूटी संपली की सरळ जिना चढून यायची आणि खुर्चीत बसताच डोळे मिटायची. दिवसभर कानात लोकांचे आवाज, त्यामुळे इथे कोणी बोललं नाही तर तिला बरं वाटायचं. आम्हीही बोलत नसू. तिच्या लग्नाचा वाढदिवस त्या आठवड्यात होता. तिचं पाकीट मी संध्याकाळी घरी जाताना व्हरायटी चौकातल्या पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून मी आरसे पुसत होते. पहिलीच बाई आली ती त्याच एक्स्चेंजमधली. पर्स खाली ठेवता ठेवता म्हणाली, "तुमाले समजलं का? आमच्या त्या प्रताप नगरवालीचे मिस्टर गेले. परवा रात्री छातीत दुखलं, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं सगळं. काल दुपारी अंत्यसंस्कार झाले. आम्ही सगळ्या तिथेच होतो."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. नणंदेने माझ्याकडे पाहिलं.

"टाकलं काय वं तू ते?"

"काल संध्याकाळीच टाकलं."

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. आत काय लिहिलंय ते दोघींनाही पाठ होतं. वर दोघांची नावं, मग जोडीने असेच आनंदात राहा. आणि त्याखाली केसांची ती भेट.

"वाटप कधी होते?" तिने विचारलं.

"सकाळचं आता निघत असेल."

तिने समोरच्या बाईला थांबायची विनंती केली, गल्ल्याची चावी पदराला बांधली आणि आम्ही तिच्या मोपेडवर निघालो. मी मागे बसले होते. रस्त्यात ती एकदाच बोलली. "लवकर निघालो आहोत. मिळेल." ती मला सांगत होती की स्वतःला, ते कळलं नाही.

प्रताप नगरची टपाल कचेरी लहान होती. खिडकीत बसलेल्या बाबूंना नणंदेने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला.

"पत्र परत मागता येते. पाठवणाऱ्याने अर्ज करावा लागते," ते म्हणाले. "पण ते तुमचंच आहे हे मले कसं समजावं? पाकिटावर जसं लिहिलं होतं तसंच लिहून द्या. अक्षर जुळलं पाहिजे."

मी काउंटरवर कागद ठेवून पत्ता लिहायला घेतला. रोज लिहायची ती अक्षरं, पण घाईत पहिल्या ओळीतच अक्षर वेडंवाकडं आलं. बाबूंनी कागद उचलून पाहिला. मला वाटलं, आता नाही म्हणतील. मी दुसरा कागद मागितला. दुसऱ्यांदा नीट जमलं. त्यांनी अर्जाचा मजकूर सांगितला, नणंदेने लिहिला, सही केली, शुल्क भरलं. मग ते आत गेले.

आतल्या लाकडी खणांकडून त्यांचा आवाज येत होता. कोणाला तरी विचारत होते. परत आले तेव्हा त्यांनी चष्मा पुन्हा लावला होता.

"तिकडची पत्रं घेऊन पोस्टमन निघून गेला. आता अर्जाचा उपयोग नाही. पण तो आधी मेन रोडची बाजू करते, मंग आत वळते. गाठता आलं तर पाहा. हा अर्ज त्याले दाखवा, मी लिहून देतो त्यावर."

आम्ही मेन रोडने गेलो. सायकल दिसली नाही. आतल्या गल्लीत वळलो, तर पिठाच्या गिरणीजवळ खाकी कपड्यांतला पोस्टमन सायकल हातात धरून चालत येत होता. नणंदेने ब्रेक दाबला तशी मी पुढे तिच्या पाठीवर आदळले.

त्याने अर्ज वाचला. पाकिटाचा रंग विचारला.

"गुलाबी? दिलं ना बाई. आत्ताच. फाटकाशी माणसं बसली होती, त्यांच्यातल्या म्हाताऱ्याच्या हातात दिलं. त्या घरी काय झालं ते मले ठाऊक होतं, पण पाकीट पाहून वाटलं सांत्वनाचं असेल."

गुलाबी पाकिटात कोण सांत्वन पाठवतं, हे मी बोलले नाही.

नणंद गाडी वळवायला लागली. मी म्हटलं, "ताई, आता घरी जायचं?"

"जायचंच. आपण नाही गेलो तर ती उघडेल. किंवा कोणी तिले वाचून दाखवेल."

फाटकापाशी खुर्च्यांवर माणसं बसली होती. आम्ही चपला काढून आत गेलो. पुढच्या खोलीत पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोपऱ्यात बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती जळत होती. ती स्वतः आतल्या खोलीच्या दाराशी, गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. आम्ही जागा करून बसलो. कोणी काही विचारलं नाही. तशा घरी येणाऱ्याला कोणी विचारत नाही.

मी नजर फिरवत होते. रेडिओवर टपालाचा छोटा गठ्ठा होता. वर एक विजेचं बिल, खालून गुलाबी कड दिसत होती. फोडलेलं नव्हतं. हात लांब केला असता तर मला ते मिळालं असतं. नणंदेने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली.

ती उठून वयाने सगळ्यांत मोठ्या दिसणाऱ्या बाईजवळ जाऊन बसली. ती ऑपरेटर बाईची मोठी जाऊ होती. नणंद अगदी हळू बोलत होती, पण खोली इतकी शांत होती की मला ऐकू येत होतं.

"आमी पार्लरवाल्या. ते गुलाबी पाकीट आमचं आहे. घरातलं समजायच्या आधी टाकलं होतं. लग्नाच्या वाढदिवसाचं आहे. तिच्या हाती जाऊ देऊ नका."

 जाऊबाई उठली, गठ्ठ्यातून पाकीट काढलं आणि आम्हाला मागच्या अंगणात चला अशी खूण केली. मोरीजवळ उभं राहून तिने ते फोडलं. वाचलं. केसांच्या ओळीपाशी तिचे डोळे थांबले, हे मला दिसलं.

"आमच्या घरच्या तारखा तुमाले काहून पाहिजे?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

"तिनेच सांगितली होती. सजायले यायची त्या दिवशी."

"सजायची वेळ लावायले सांगितली असेल. घरी चिठ्ठी पाठवा म्हणून सांगितली होती काय?"

  जाऊबाईने पाकीट आमच्या हातात दिलं नाही. आपल्या ब्लाउजमध्ये खोचलं.

"हे तिचं आहे. तिच्या नावाने आलं. आता नाही, पण मी तिले देईन. लपवणार नाही. तुमी बसा अजून घटकाभर, लगेच उठू नका. तिले बरं वाटेल."

आम्ही पुन्हा आत जाऊन बसलो. आम्ही निघालो तेव्हा ऑपरेटर बाईने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा मान खाली घातली.

त्या दिवसानंतर कार्डं पाठवणं बंद. त्या महिन्यासाठी वेगळी काढलेली पुठ्ठ्याची कार्डं मी परत त्यांच्या डब्यात घातली. नणंद काही दिवस चिडचिडी होती. समोरच्या पार्लरचं नाव निघालं की उठून आत जायची.

पावसाळा संपत आला तेव्हा एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि ऑपरेटर बाई आली. वाळली होती. कामावर रुजू झाली होती. नेहमीच्या खुर्चीत बसली, पण डोळे मिटले नाहीत. आरशातून नणंदेकडे पाहत म्हणाली, "जाऊबाईने दिलं मले ते."

नणंद म्हणाली, "चुकलं आमचं. खूप."

"त्या दिवशी पाहिलं असतं तर काय केलं असतं मी, माहीत नाही. नंतर पाहिलं तर..." ती थांबली. "त्यांचं आणि माझं नाव सोबत लिहिलेला तो शेवटला कागद आहे. ठेवला आहे मी."

 खालच्या रस्त्यावर फळवाला ओरडत गेला.

"ती तारीख खोडून टाकू काय?" मी विचारलं. हे विचारायलाही मला धीर गोळा करावा लागला.

"खोडू नका. पाठवू मात्र नका. वाढदिवसाचंही नको. मी आली तर तोंडाने सांगा काय सांगायचं ते. घरी पाठवलं की सगळ्यांच्या हातातून येते."

मी तिच्या कार्डावर पेन्सिलने लिहिलं: पाठवू नये. तिने वाकून वाचलं आणि मान डोलावली. मग डोळे मिटले. नणंदेने केस विंचरायला घेतले.

त्यानंतर आम्ही पुन्हा सुरुवात केली, पण विचारून. बिल करताना मी प्रत्येकीला म्हणायची, "वाढदिवसाला दोन ओळी पाठवल्या तर चालतील काय? कुठे पाठवू?" कोणी म्हणायची, ऑफिसच्या पत्त्यावर. कोणी, नकोच, सासूबाई विचारतात पार्लरमध्ये काहून जाते. एक कॉलेजातली बाई म्हणाली, दिवस-महिना ठेवा, साल खोडा. मी तिच्यासमोर खोडलं. लग्नाची तारीख आता कोणी स्वतः म्हटल्याशिवाय लिहायची नाही, आणि कार्ड टाकायच्या आधी ती बाई शेवटची कधी आली होती ते पाहायचं. बऱ्याच दिवसांत आली नसेल तर आधी तिच्या ओळखीच्या कुणाकडे चौकशी, मगच पाकीट. केसांच्या भेटीची ओळ नणंदेने स्वतःच काढून टाकली. "शुभेच्छा द्यायच्या तर नुसत्या देऊ," म्हणाली. आधीपेक्षा फार कमी कार्डं जायला लागली.

पुढच्या वर्षी ऑपरेटर बाईच्या लग्नाच्या तारखेचा आठवडा आला तेव्हा आम्ही दोघी जिन्याकडे कान लावून होतो. ती आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात आली. आयब्रो करून घेतल्या, एक्स्चेंजमध्ये नवीन बोर्ड बसवून राहिले आहेत, त्याचं काहीबाही सांगितलं आणि गेली. आम्ही तारखेबद्दल बोललो नाही, तीही बोलली नाही.