कुलपातलं शेवटचं पान

बाईंचा विश्वास फक्त त्यांच्या टाइपरायटरवर होता, तोसुद्धा रिबन नवी असेल तेव्हाच. दूधवाला, शेजारीण, सख्खी जाऊ, सगळ्यांच्याच बोलण्यात त्यांना काहीतरी काळंबेरं दिसायचं. नवऱ्याने घरात त्यांचं नाव तपासणी नाका ठेवलं होतं. तो बिचारा चहात साखर जास्त घालून आणायचा, तर बाई विचारायच्या, "आज काय हवंय तुम्हाला?"

यंत्रांचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या त्या कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहाराचं टेबल वर्षानुवर्षं बाईंकडे होतं. पत्र 'डिअर सर' असं सुरू झालं की शेवटी 'युअर्स फेथफुली', आणि 'डिअर मिस्टर' म्हणून पुढे आडनाव घातलं की 'युअर्स सिन्सिअरली'. ही सांगड त्यांची बोटं झोपेतही चुकली नसती. सही शेवटच्या पानावर असते, आणि सहीच्या वर कोण काय घुसडेल सांगता येत नाही, म्हणून टाइप झालेलं शेवटचं पान त्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवायच्या. बाकीची पानं साहेबांच्या ट्रेमध्ये जायची. संध्याकाळी बाई शेवटचं पान स्वतः घेऊन जायच्या, साहेबांची सही होईपर्यंत टेबलाशी पहारा द्यायच्या, आणि मग शिपाई पानं जोडून पाकिटात घालायचा.

अशा पक्क्या बंदोबस्तात चूक झाली. एका जुन्या गिऱ्हाइकाला गेलेल्या पत्रात वर त्याचं आडनाव आणि खाली 'युअर्स फेथफुली'. त्याने उत्तरात खवचटपणे लिहिलं, आपली ओळख पहिल्या पानापुरतीच आहे का? साहेब हसले. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मात्र हसले नाहीत.

"बाई, पुन्हा असं झालं तर हे टेबल नव्या मुलीकडे द्यावं लागेल. तुम्ही स्टॉकच्या याद्या टाइप करा."

आपण 'डिअर सर' टाइप केलं होतं, हे बाईंना लख्ख आठवत होतं. म्हणजे कुणीतरी मुद्दाम करतंय. आणि कुणीतरी म्हणजे कोण, ते उघड होतं. ती टायपिंगला नुकतीच लागलेली नवी मुलगी. आल्या दिवसापासून गोड बोलत होती, तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली होती. परवा तर म्हणाली होती, "बाई, शेवटचं पान जरा देता?" बाईंनी तिला असं झाडलं होतं की पोरीचं तोंड एवढंसं झालं.

आता बाईंनी सापळा लावला. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात टाचणीने बारीक भोक पाडलं, पान ट्रेमध्ये ठेवलं आणि नेहमीप्रमाणे डबा खायला गेल्या. संध्याकाळी शेवटचं पान सहीला नेताना त्यांनी आधी ट्रेमधलं पान उजेडात धरलं. भोक नव्हतं! 'डिअर सर'ही नव्हतं. तिथे आडनाव होतं.

बाई तडक बाहेर गेल्या आणि मुलीचं मनगट धरून तिला साहेबांसमोर उभं केलं.

"साहेब, चोर सापडला! माझं पान हिने बदललंय."

साहेबांनी चष्मा वर केला. "अहो, मीच सांगितलं तिला. या गृहस्थांशी आता घरोबा झालाय, 'सर' कसलं लिहायचं? तुम्ही जेवायला गेला होतात." मग त्यांनी बाईंच्या हातातलं शेवटचं पान पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे आधीच्या दोन्ही पत्रांतही हेच झालं? काय गं, वरचं बदललंस तर खालचं का नाही बदललंस? एवढं कळत नाही?"

मुलीने एकदा बाईंच्या कमरेला लटकणाऱ्या ड्रॉवरच्या किल्लीकडे पाहिलं.

"राहून गेलं, साहेब."

बाई चपापल्या. हिने दोष अंगावर का घेतला? हिला काय हवंय? त्यांनी पोरीचा चेहरा बारकाईने न्याहाळला, जन्मभराचा सराव पणाला लावून न्याहाळला. तिथे भीती होती, लालबुंद झालेलं नाक होतं, आणि दुसरं काहीही नव्हतं. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली. गप्प बसलं असतं तर टेबल वाचत होतं.

"खोटं बोलतेय ती, साहेब," बाई म्हणाल्या. "ती पान मागायला आली होती. मीच हात लावू दिला नाही. कुलपात होतं ते."

साहेब दिल्या शब्दाचे पक्के होते. सोमवारपासून बाई स्टॉकच्या याद्यांवर बसल्या आणि ड्रॉवरची किल्ली मुलीकडे गेली. ड्रॉवरला कुलूप मात्र पुन्हा लागलं नाही.

सोमवारीच संध्याकाळी मुलगी पहिलं आणि शेवटचं, अशी दोन्ही पानं घेऊन बाईंच्या टेबलाशी आली. "बघता का जरा? सही व्हायच्या आत."

तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी वरचं आडनाव वाचलं, खालचं 'युअर्स सिन्सिअरली' वाचलं. सवयीने पान उलटून मागे काही लिहिलंय का, तेही पाहिलं. मग डोळे पुसायला चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. ने."