संकीर्ण या सदराखाली

दिनांक : जुलैमधला दुसरा मंगळवार, दुपारी बारा. ठिकाण : गडचिरोलीतल्या आमच्या कार्यालयाचं सभागृह. हजर : साहेब, संकेतस्थळ बांधणारा नागपूरचा अभियंता, आस्थापना शाखेचे अव्वल कारकून आणि मी. संकेतस्थळावर कोणतं पान कुठे आहे, याची यादी माझ्याकडे असते. विषयपत्रिकेवर नसलेले हजर : एटापल्लीकडचे एक बाप.

विषय एकच होता. संकेतस्थळावर हजारभर पानं, आणि लोकांना काही सापडत नाही. लोक फार हट्टी असतात.

अव्वल कारकुनांना मेनू वाढवायचा होता. सध्याचा मेनू त्यांनीच लावलेला, विभागांच्या मानाप्रमाणे. कुणाचा विभाग कुणाच्या वर यावर पूर्वी तीन बैठका झाल्या होत्या. संकेतस्थळावर येणाऱ्याला काय हवंय यावर एकही नाही, पण इतिवृत्त देखणं होतं.

अभियंत्याला मेनूच नको होता. पहिल्या पानावर मधोमध एक मोठी शोधचौकट, बस्स. "आजकाल कोणी मेनू उघडत नाही, मॅडम. लोक टाइप करतात."

"अन् काय टाइप करायचं ते त्याइले कोण सांगन?" अव्वल कारकून म्हणाले. "तू?"

प्रश्न बरोबर होता. मेनू निदान काय काय आहे ते दाखवतो. चौकटीला तुम्हालाच आधी नाव सांगावं लागतं. पण अव्वल कारकुनांचा मुद्दा बरोबर आहे, असं सभेत म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

तेवढ्यात दारातून ते बाप आत डोकावले. सकाळपासून व्हरांड्यात बसले होते. मुलगी दहावी पास झालेली, अकरावीला इथे घालायची, पण वसतिगृह मिळालं तरच. अर्जाची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. गावात इंटरनेटची जोडणी मिळत नाही, म्हणून एटापल्लीच्या झेरॉक्सवाल्याकडे बसून दोन दिवस आमचं संकेतस्थळ पाहिलेलं.

मी म्हटलं, "भाऊ, इथे बसा. आमच्यासमोर शोधून दाखवा." साहेबांना कल्पना आवडली, कारण त्यात त्यांना काही करायचं नव्हतं.

त्यांनी एका बोटाने लिहिलं : पोरीचे होस्टेल फॉर्म. उत्तर आलं : एकही पान सापडले नाही, कृपया अचूक शब्द टाका.

"अचूक शब्द कोणता, बाई?"

अचूक शब्द कोणताच नव्हता. अर्जाचं परिपत्रक सही-शिक्क्यासकट स्कॅन करून चढवलेलं, म्हणजे फोटो. आमच्या चौकटीला फोटोतली अक्षरं वाचता येत नाहीत. पानाचा मथळा होता 'प्रवेशाबाबत'. कशात प्रवेश, हे गुपित.

"मेनूत पहा," अव्वल कारकून उत्साहाने म्हणाले. बाप 'योजना'वर गेले, तिथून 'विभागनिहाय'वर. अकरा विभागांची यादी उघडली. ते हसले.

"आता कोणता विभाग, हे मले कसं मालूम? ते तुमाले मालूम असलं. म्या तं फक्त पोरगी आणली."

मग त्यांनी 'शिक्षण' उघडलं. तिथे शाळा होत्या, वसतिगृह नव्हतं. 'आदिवासी विकास' उघडलं. तिथे एकच दुवा होता, मुख्य पानावर परत आणणारा.

"आहे कुठे मग?" साहेबांनी विचारलं.

मी माझी यादी काढली. सूचना, परिपत्रके, संकीर्ण. ते पान संकीर्णमध्ये मी स्वतः ठेवलं होतं. शिक्षणवाले म्हणाले आमचं नाही, आदिवासी विकासवालेही म्हणाले आमचं नाही, आणि माझी यादी मात्र त्या दिवशी पूर्ण व्हायला हवी होती. एवढं टापटीप काम मी क्वचितच केलं असेल.

"बाईनं लपोलं होतं तं!" बाप म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने अव्वल कारकून हसले.

अर्ज छापून दिला. त्यावर मुलीची सही हवी, मुलगी गावात. ते दुपारच्या एसटीने निघाले. दुसऱ्या दिवशी साडेचारला दोघं आले, मुलीचे पाय गुडघ्यापर्यंत भातरोवणीच्या चिखलाचे. अर्ज जमा झाला. तिला जागा मिळाली.

आता मेनूत 'शिक्षण आणि वसतिगृह' आहे, विभाग कोणताही असो. मथळ्यात वसतिगृह आहे, मजकूर टाइप केलेला आहे, आणि होस्टेल, पोरगी, फॉर्म हे शब्दही चौकटीला शिकवलेत. काहीही न सापडलेल्या शोधांची नोंद दर सोमवारी मी वाचते. मेनू की चौकट, हा वाद साहेबांनी पुढच्या बैठकीवर ढकलला. दोन्ही माझ्या मथळ्यांवर चालतात, हे इतिवृत्तात आलेलं नाही.

संकीर्णमध्ये अजून त्रेसष्ट पानं आहेत. सगळे फोटो. त्यातलं कोणतं कुणाला हवंय, ते मला अजून बघायचंय.