टायवाल्याच्या नातीची पिशवी

आमच्या प्रसूती वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरला सगळे अक्का म्हणतात. मी तिच्या हाताखालची नर्स. डूख धरावा कसा, हे मी तिच्याकडून शिकले.

अक्काच्या बहिणीला मूल होणार होतं, तेव्हा नाळेतलं रक्त साठवणाऱ्या कंपनीचा माणूस तिच्या मागे लागला. तो कायम टाय लावून यायचा, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणायचो. बाळाचंच रक्त पुढे बाळाला वाचवील, हा जन्मभराचा विमा समजा, असं त्यानं गळी उतरवलं. बहिणीनं पाटल्या मोडल्या. वर दरसालचं भाडं वेगळंच.

पाचव्या वर्षी पोराला रक्ताचा कॅन्सर झाला. बहीण म्हणाली, साठवलेल्या रक्ताची पिशवी मागवा. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. बिघाडाचं बीज जन्मापासून त्या रक्तातही असू शकतं, तेच परत घालून आजार कसा जाणार? भावंडाचं जुळणारं रक्त असतं तर गोष्ट वेगळी होती. पण हा एकुलता. बाहेरचा दाता मिळेपर्यंत पोर गेलं.

टायवाला भेटायलाही आला नाही. नव्या गरोदर बायकांशी मात्र वॉर्डाबाहेरच्या बाकावर रोज गोड बोलायचा. अक्का हात धुऊन त्याच्या मागे लागली. तो तोंड उघडायचा आणि ही शेजारी चादरींच्या घड्या घालत बायकांना सांगायची, की घरात आधीच रक्ताचा आजार असलेलं मूल असेल तर डॉक्टरच साठवायला सांगतात. बाकीच्यांना त्याचा उपयोग क्वचित. दान करायची सोय असेल तर दान करा. तो नुसता हसायचा. मला त्या हसण्याचा संताप यायचा.

मग त्याचीच लेक बाळंतपणाला आली. त्यानं अक्काला दाराआड गाठलं आणि हळूच सांगितलं, नाळेला लगेच चिमटा लावू नका, मिनिटभर थांबा, रक्त बाळाला जाऊ द्या.

"मग पिशवीत कमी येईल," अक्का म्हणाली.

"पिशवी नकोच."

अक्कानं सांगितलं तस्सं केलं. मुलगी गुलाबी, ठणठणीत. तिला दुपट्यात गुंडाळून अक्का थेट बाकांपाशी गेली. टायवाला तीन बायकांना माहितीपत्रक वाचून दाखवत होता.

"घ्या आजोबा, तुमची नात," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "रक्त सगळं बाळालाच दिलं. पिशवी नको म्हणाला होतात ना?"

एका बाईनं माहितीपत्रक त्याच्या मांडीवर परत ठेवलं. मग दुसरीनंही. तो पुन्हा आमच्या वॉर्डात दिसला नाही. मी खूश होते, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी चहा घेऊन गेले, तर अक्का फोनवरून त्याच कंपनीला भाच्याच्या पिशवीचं यंदाचं भाडं भरत होती.

"आता तरी बंद कर की," मी म्हणाले.

"बहीण नाही म्हणते. पोराचं तेवढंच उरलंय, म्हणते."