एकच शब्द सहा वेळा

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी स्वतःला भाषांतरकार समजू लागले, आणि तसं समजू देणारेही भेटले. शिरवळच्या एका कारखान्यात चिनी सुटे भाग जोडून गिझर बनत. त्याच्या माहितीपुस्तिकेचं मराठी माझ्याकडे आलं. मूळ चिनी, सोबत चिन्यांनीच केलेलं लंगडं इंग्रजी. चिनी मला कुठलं येतंय? मी इंग्रजीवरून ठोकून दिलं.

तेव्हाची मी म्हणजे कमालीची आगाऊ. एका पानावर एक शब्द दोनदा आला की माझ्या अंगावर काटा यायचा. आयुष्यभर पोरांच्या निबंधांतून तेच तर खोडत आले होते. म्हणून इशाऱ्यांची पानं मी नटवली. एका ओळीला 'धोका', दुसरीला 'सावधान', तिसरीला 'खबरदारी', चौथीला 'इशारा'. वाचायला कसं छान!

कारखान्यात भाषांतर तपासायला माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली, मिरजेची, पुण्यात चिनी शिकलेली. तिचा फोन आला. म्हणाली, चिनीत तीनच शब्द आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिल्याच पानावर तक्ता दिलाय: पहिल्या शब्दाखालचं ऐकलं नाही तर जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल, दुसऱ्याखाली ते होऊ शकतं, तिसऱ्याखाली किरकोळ इजा किंवा वस्तूचं नुकसान. त्या तिसऱ्याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ 'लक्ष द्या', म्हणून इंग्रजीवाल्याने त्याची तीन-तीन रूपं केली होती.

"बाई, तेच ते शब्द नकोत असं तुम्हीच शिकवलंत. इथं मात्र तेच ते हवेत."

मला राग आला. विद्यार्थ्यांनी आपलंच आपल्याला ऐकवावं? छपाईला चार दिवस होते. बघते म्हणाले आणि बघितलं काही नाही.

त्याच आठवड्यात सांगलीच्या माझ्या घरी त्याच कंपनीचा गिझर बसवायला फिटर आला. मी मिरवायला माझा मसुदा त्याच्या हातात दिला. बाथरूमच्या प्लगला अर्थिंगची तार नव्हती. त्याने पान चाळलं आणि वायर जोडायला घेतली.

मी म्हटलं, अरे, अर्थिंगचं लिहिलंय की त्यात.

"व्हय आजी, पण त्याच्यावर 'खबरदारी' हाय. नंतर बगू. हितं 'धोका' लिवलाय, ॲसिडनं पुसू नका म्हणून. ते आदी सांगतो, ध्यानात ठिवा."

पोरीनं फोनवर हेच सांगितलं होतं, मूळ पुस्तिकेत नेमकं उलटं होतं. अर्थिंग नसताना चालू कराल तर जीव जाईल, आणि ॲसिडने फार तर रंग उडेल. मी त्याला मेन स्विच बंद करायला लावला आणि त्याला तसंच बसवून ठेवलं.

पोरीला फोन केला. ती एक शब्द टोचून बोलली नाही, त्यानं जास्त चिडले. दोघींनी चिनी पान आणि मराठी पान शेजारी धरून एकेक ओळ लावली. 'धोका', 'इशारा', 'खबरदारी', बस्स. 'होईल' तिथं 'होईल', 'होऊ शकते' तिथं तेच. पहिल्या पानावर तक्ताही घातला. एकाखाली एक सहा वेळा 'धोका' टंकताना माझे हात शब्द बदलायला शिवशिवत होते.

नवं पान फिटरला दिलं. त्याने सगळ्यात वरच्या, अर्थिंगच्या ओळीवर बोट ठेवलं, अवजारं पिशवीत भरली आणि तार आणायला बाजारात निघून गेला. मी गार पाण्यानं अंघोळ केली, पुटपुटत.