भोंग्यावरचा खरेपणा

तुमसरच्या ज्या तंत्र संस्थेत मी ड्रॉइंग आणि गणित शिकवायचो, तिचे अध्यक्ष मूळचे राइस मिलवाले. धान कुठून किती येईल याचा अंदाज त्यांना बसल्या जागी यायचा. मुलांचा मात्र येत नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. खाजगी आयटीआयना नुकती परवानगी मिळू लागली होती. आमच्या आधी निघालेल्या एका संस्थेनं 'प्रवेश घ्या, नोकरी घ्या' असं भिंतीभिंतीवर रंगवलं आणि वर्षभरात गाशा गुंडाळला. लोकांच्या तोंडाला पानं पुसली गेली होती. आमच्या दारात कुणी फिरकेना.

त्यावर अध्यक्षांचा उपाय म्हणजे गावोगाव भोंगा लावून जीप फिरवायची. मजकूर त्यांनी स्वतःच लिहिला होता: 'शंभर टक्के नोकरी.' तो वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तसा तापटच. म्हणालो, "हे ऐकून लोक आपल्याला दगड मारतील."

"मंग तुमीच लिवा ना, मास्तर," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "तुमाले तर लय खरं बोलाची हौस हाये."

मी लिहिलं, आणि रागारागात फार मन लावून लिहिलं. बाप दारात उभा राहून जे विचारतो तेच प्रश्न घेतले. फी सरकारी आयटीआयपेक्षा जास्त काहून? कारण आम्हाला अनुदान नाही, आणि मास्तरांचा पगार आणि लेथ मशीनचं वीजबिल फीमधूनच निघतं. हप्ते पडतील का? पडतील, पण पहिलं सत्र सुरू झाल्यावर पोरगा सोडून गेला तर भरलेली फी परत मिळणार नाही. नोकरी लागेल का? यावर मी सगळ्यात जास्त शाई खर्च केली. फिटरची दोन वर्षं झाली की अखिल भारतीय परीक्षा होते. पास झाला की कारखाने कायद्यानं शिकाऊ उमेदवार घेतात, त्याला दरमहा विद्यावेतन मिळतं. पण ते वर्ष संपल्यावर त्याला कायम करायचं बंधन कारखान्यावर नाही. केलं तर केलं. नाही तर रोजगार विनिमय केंद्रात नाव नोंदवून वाट पाहायची. "नोकरी देतो असं जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका, आमच्यावरही नाही," असा मी शेवट केला होता.

अध्यक्षांनी तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं, आता फाडतील. पण ते म्हणाले, "एक शब्द बदलवू नका." एवढ्या सहज मान्यता मिळाल्यावर मी खुश व्हायला हवं होतं. मी मात्र तो कागद परत घेऊन पुन्हा एकदा वाचून काढला, कुठं काही चुकलं का ते शोधत.

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात माझ्याच आवाजात कॅसेट भरली. जीप निघाली, आणि आठवडाभरात संस्थेच्या व्हरांड्यात चपलांचा ढीग दिसू लागला. बाप येत, आया येत. कुणी काका-मामाला सोबत आणत. मला पाहून हात जोडत आणि म्हणत, "तुमचाच आवाज होय ना जी?" मी हो म्हटलं की त्यांचे चेहरे सैल पडत. अशा माणसांसमोर उभं राहायची मला भीती वाटू लागली. का, ते नीट कळत नव्हतं.

ते कळलं नाकाडोंगरीच्या रस्त्यावर. एका दिवशी मी हट्टानं जीपमध्ये बसलो. जंगल संपलं, खाणीची काळी माती लागली, वस्ती सुरू झाली आणि ड्रायव्हरनं कॅसेट चालू केली. पण जीप थांबवली नाही. माझा आवाज सांगत होता, 'कारखाने शिकाऊ म्हणून घेतात, दरमहा पैसे मिळतात', तेव्हा आम्ही हातपंपापाशी होतो. 'पण कायम करायचं बंधन नाही' हे आलं तोवर आम्ही पार शाळेपुढच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या सुट्या वस्तीपाशी पोचलो होतो. तिथं बांधलेल्या दोन बैलांशिवाय ऐकायला कुणी नव्हतं. हातपंपावरच्या बायका 'पैसे मिळतात' एवढं घेऊन घरी चालल्या होत्या. मी सगळं कसं बापाला समजवावं तसं लिहिलं होतं, एकाला लागून एक. आणि चालत्या गाडीवरून गावाच्या वाट्याला त्यातला एकेक तुकडा येत होता. कुणाला फीचे हप्ते, कुणाला नोकरी. 'पण' मात्र बहुतेक ठिकाणी रानातच सांडत होता.

"थांबव गाडी!" मी ओरडलो.

"थांबाचा हुकूम नाई, मास्तर," ड्रायव्हर म्हणाला. "थांबलो का पोट्टे लटकतात, मंग दिवसभरात बपेऱ्यापर्यंत कशी पोचन?"

तेवढ्यात मागून एक बाई पदर सावरत पळत आली. गाडी हळू झाली तशी तिनं दांडा धरला. चाळिशीची असेल. नवरा खाणीत दगड अंगावर येऊन गेला होता, हे तिनं पहिल्याच वाक्यात सांगितलं. त्याच्या जागी पोराला कायम घ्यायचं खाणीच्या ऑफिसनं कबूल केलं होतं. पोळ्याच्या आत हजर करा, त्यानंतर हक्क गेला समजा, असा निरोप होता. पोरगा नुकताच अठराचा झाला होता. "मले त्याले खड्ड्यात नाई धाडाचं जी," ती म्हणाली. "आता भोंग्यावर आयकलं का कारखान्यात घेतात. खरं होय का?"

मी गाडीतून खाली उतरलो. तिला सगळं सांगितलं. शिकाऊ म्हणजे काय, वर्ष संपल्यावर काय होऊ शकतं, फी किती महिने भरावी लागेल. खाणीतली जागा कायमची आहे, ती सोडली तर परत मिळणार नाही, हेही मीच म्हणालो. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. ऐकत होती की माझा चेहरा वाचत होती, देव जाणे. दुपारचा खाणीतला सुरुंग उडाला तेव्हा पायाखालची जमीन हलली. ती मात्र हलली नाही.

"मी येतो, गुरुजी," एवढंच म्हणाली.

परत आल्यावर मी अध्यक्षांशी भांडलो. मजकूर नव्याने लिहितो, म्हणालो, प्रत्येक वाक्य आपल्या पायावर उभं राहील असा. नोकरी आणि तिच्यातला धोका एकाच श्वासात. आणि गाडी चौकात उभी करून पूर्ण वाजवायची. अध्यक्ष पान लावत होते. "करा ना," ते म्हणाले. "लिवा." मी त्याच रात्री लिहून दिलं. ते कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेले, आणि जीप जुनीच कॅसेट घेऊन सानगडीच्या बाजूला निघाली. विचारलं तर म्हणाले, "रेकॉर्डिंगवाला गावाले गेला." चार दिवसांनी तो मला पानठेल्यावर दिसला. कुठंच गेला नव्हता.

मग मी ठरवलं, प्रवेशाच्या दिवशी सगळ्यांसमोर स्वतः वाचायचं, पूर्ण. अध्यक्षांना न विचारता. वर्कशॉपमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. लेथच्या रांगेपुढे आईबाप दाटीवाटीनं बसले होते, पोरं भिंतीला लागून उभी होती. मी हातात कागद घेतला आणि सुरुवात केली. फी परत मिळणार नाही, हे दोनदा सांगितलं. कारखान्यावर कायम करायचं बंधन नाही, हे तीनदा सांगितलं. आवाज चढत गेला. जवळजवळ दरडावतच होतो मी त्यांना. उठा, घरी जा, नीट विचार करून या. इतकंच म्हणायचं बाकी राहिलं, आणि शेवटी तेही म्हणालो.

कुणी उठलं नाही.

अध्यक्ष दाराशी उभे होते. मला वाटलं होतं ते संतापतील. ते हसत होते. त्यांचा तो हसरा चेहरा पाहून मला त्या क्षणी उमगलं की ह्या माणसानं माझ्या कागदाचं वजन पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. धानाचं पोतं हातानं उचलून वजन सांगणारा माणूस तो.

नाकाडोंगरीकडची ती बाई दुसऱ्या रांगेत होती, शेजारी पोरगा. माझं झाल्यावर ती उठली आणि प्रवेशाचे फॉर्म ठेवलेल्या टेबलाकडे चालू लागली. मी आडवा गेलो.

"बाई, अजून पोळा यायचाय. जागा जाईल."

"आयकलं जी मी सबन," ती म्हणाली. "भोंग्यावर अर्धं आयकलं होतं, आता पुरं आयकलं. जे लोकं आपल्या तोंडानं आपलं उणं सांगतात, ते पोराले फसवतीन काहून?"

मागच्या एका बापानं मान डोलावली. अजून दोघं उठले. फसवणूक तर खरोखरच नव्हती, पण फसवणूक नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे, हेच मला तिला समजावता येईना. तिनं अंगठा उठवला.

पोरगा हुशार निघाला. फाइल मारताना त्याचा हात स्थिर राहायचा. परीक्षा पास झाला, नागपूरकडच्या एका कारखान्यात शिकाऊ लागला, वर्षभर दर महिन्याला घरी पैसे पाठवले. सगळं मी सांगितल्याबरहुकूम चाललं होतं. वर्ष संपलं आणि कारखान्यानं प्रमाणपत्र देऊन त्याला मोकळं केलं. तेही मी सांगितल्याबरहुकूमच. रोजगार केंद्रात त्यानं नाव नोंदवलं. तिथून काही आलं नाही. त्याच्या तुकडीतल्या बहुतेकांचं असंच झालं. संस्थेत मात्र तोवर वर्ग वाढले होते, नवं वर्कशॉप उठलं होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ती बाई मला भेटायला आली. मी आधी तोंड लपवायलाच जागा शोधली, खोटं कशाला बोलू. ती ओरडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती व्हरांड्यात खाली बसली आणि सांगू लागली. पोरगा आता खाणीतच जात होता. कायम नव्हे, ठेकेदाराच्या हाताखाली, रोजीनं. बापाचा हक्क गेलेला. जिथं बापावर दगड आला त्याच खड्ड्यात उतरत होता. काही झालं तर ऑफिस त्याला ओळखणारसुद्धा नव्हतं.

"तुमी खोटं नाई बोलले, गुरुजी," ती म्हणाली. "मी गावात सगळ्याइले तेच सांगतो. म्हणून तुमालेच इचाराले आली. खरं सांगा, त्याले खाणीतून काढू का?"

"काढा," मी म्हणालो. "आजच काढा."

तिनं मान डोलावली.

"आन् मंग कुठी धाडू?"