जेवणाला दर नाही

वच्छलाताईंच्या घरून कुणी उपाशी परत गेलेलं मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही. वैरागच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं शेत आहे, आणि शेतातच घर. विजेच्या तारा दुरुस्त करणारा माणूस खांबावरून उतरला की त्याला हाक जायची. बांगड्या घेऊन येणारी मल्लव्वा आधी जेवायची आणि मग बांगड्यांची पेटी उघडायची. मी या गावच्या प्राथमिक शाळेत नोकरीला आले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं ते दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी विचारलं, "जेवला का बाई?"

रावजी, त्यांचे मालक, सहा वर्षांपूर्वी गेले. जाण्याआधी त्यांनी रस्त्याच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या होत्या. मुलगा अमृत चिंचोळी एमआयडीसीत कामाला, बायकोसह सोलापूरच्या भवानी पेठेत भाड्यानं राहणारा. तो कधीतरी परत येईल म्हणून त्या खोल्या. रंग दिला, फरशी बसवली, एका खोलीला लागून संडास-बाथरूम काढलं. खोल्या तशाच राहिल्या. वच्छलाताई रोज झाडून घ्यायच्या.

मागच्या दिवाळीला अमृतची बायको अपेक्षा म्हणाली, "आत्या, इथं होमस्टे काढू." सासूला ती आत्या म्हणते. बार्शीची पोर, बारावी झालेली, बोलायला कमी पण डोक्यात सगळं मांडून ठेवणारी. ठरलं असं, की हुरड्याच्या हंगामात ती इथं राहून बघेल. दोन खोल्या बऱ्यापैकी चालल्या तर गुढीपाडव्याला अमृत कंपनी सोडून गावी येईल आणि शेत न् होमस्टे दोघं मिळून बघतील. नाही चाललं तर ती परत सोलापूरला. वच्छलाताईंना त्यातलं एवढंच ऐकू आलं होतं, की पाडव्याला लेक घरी येणार.

डिसेंबरात अपेक्षानं मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा रील तयार केला. कोवळ्या ज्वारीची कणसं, आगटीतला धूर, बैलगाडी, चुलीवर फुगणारी भाकरी. आणि मला बोलावणं आलं. "बाई, खाली मजकूर लिहायचाय. तुमचं मराठी चांगलं. कॅप्शन म्हणतात त्याला."

शाळा सुटल्यावर गेले. अंगणात बाजेवर बसून लिहायला लागले, आणि अपेक्षा सांगत होती.

"पहिल्या ओळीत जागा आणि हुरडा आला पाहिजे. तेवढंच वर दिसतं. बाकीचं बघायला 'मोअर' दाबावं लागतं, आणि माणसं दाबत नाहीत."

"म्हंजे पाव्हण्याला वट्ट्यावरच बसवायचं आन् जेवान आत झाकून ठिवायचं," वच्छलाताई चुलीपासून म्हणाल्या.

"तसंच आत्या. म्हणून वट्टाच चांगला सारवायचा."

पहिली ओळ झाली: 'सोलापूर–बार्शी रस्त्यावर, वैरागच्या अलीकडे, शेतातला मुक्काम आणि चुलीजवळचा हुरडा.' मग खोल्या. दोन खोल्या, प्रत्येकीत दोन खाटा, गाद्या, मच्छरदाणी, सकाळी बंबाचं गरम पाणी. एका खोलीला संडास-बाथरूम लागून, दुसरीचं अंगणापलीकडे. हे पलीकडचं लिहायचं की नाही यावर मी थांबले. वच्छलाताई म्हणाल्या, "लिवा की. रातच्याला पाव्हणा अंधारात चाचपडंल आन् आपल्याला शिव्या दील." मग उपक्रम: आगटीवरचा हुरडा, बैलगाडीतून शेतफेरी, गाईची धार काढायला शिकणं, संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन. जेवण शाकाहारी: ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं, हुलग्याचं माडगं, दही. दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत खोली. आरक्षण अपेक्षाच्या नंबरवर व्हॉट्सॲपनं, निम्मी रक्कम आगाऊ, तीन दिवस आधी कळवलं तर परत. येताना आधार कार्ड.

राहिले दर. अपेक्षानं वहीत लिहूनच आणले होते. "मुक्काम, तीन वेळचं जेवण धरून, माणशी बाराशे. नुसतं दिवसाचं, हुरडा आणि एक जेवण, माणशी पाचशे. दहा वर्षांखालच्या पोरांना निम्मे."

वच्छलाताईंनी तव्यावरची भाकरी काढली आणि हात पुसत बाहेर आल्या. "खोलीचं काय ते लिवा. गादी हाय, चादर हाय, पानी तापवायचं हाय. ताटाचं न्हाय लिवायचं."

"आत्या, हॉटेलात देतातच की लोक."

"ते हाटील हाय. माज्या दारात जेवून उटला त्याच्याम्होरं मी हात पसरू व्हय? आसलं आसल तर मी चूल पेटवत न्हाय, तूच पेटव."

"हात कुठं पसरायचाय? आधीच लिहिलेलं असतं."

"लिवून मागितलं तरी मागितलंच की."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी सकाळी देवापुढं ताट ठेवल्याशिवाय घास घेत नाही. अन्न विकायचं नसतं हे माझ्या आईनं मला शिकवलं, आणि वच्छलाताईंचं बोलणं ऐकून मला भरून आलं. अपेक्षाची वही उघडी होती, तिच्यावर आकडे होते, आणि ते मला त्या क्षणी जरा हलके वाटले. मी लिहिलं: 'खोलीचे दिवसाला पंधराशे. जेवण घरचं, पोटभर. अन्नाला आमच्याकडे दर नाही.' वाचून दाखवलं. वच्छलाताईंनी हात जोडले. अपेक्षानं ते दोनदा वाचलं.

"बाई, असंच ठेवू?"

"ठेव," मी म्हणाले. "छान झालंय."

रील चालला. माणसांनी 'मोअर' दाबलं आणि तीच ओळ उचलली. अशी माणसं अजून आहेत, सोलापूरची माती, असं काय काय खाली लिहिलं. चार दिवसांत लाखावर लोकांनी बघितलं. मला शाळेत शिक्षकांनी चहा पाजला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग गाड्या यायला लागल्या. मुक्कामाला नव्हे, दिवसाला. खोलीसाठी फोन करायचा असं लिहिलं होतं, जेवायला येण्यासाठी काही लिहिलंच नव्हतं, म्हणून कुणी फोनही करत नव्हतं. जानेवारीतल्या एका रविवारी एक्केचाळीस माणसं आली. हुरडा एकच्या आत संपला. खोली घेतलेलं पुण्याचं कुटुंब चारला आलं तेव्हा त्यांच्यासाठी अपेक्षानं शेजारच्या मायाप्पाच्या शेतातून कणसं विकत आणली. एका बाईंनी जाताना देवापुढं पाचशेची नोट ठेवली. बाकीचे हात धुऊन, वच्छलाताईंबरोबर फोटो काढून गेले. एकानं भाकऱ्या बांधूनही मागितल्या.

"घ्या की, लेकराला वाटंत भूक लागंल," वच्छलाताई म्हणाल्या. त्या दिवशी त्या फार खुशीत होत्या.

मीही मदतीला गेले होते, कणसं चोळत बसले होते. अपेक्षाच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. सकाळपासून तिनं पायली-दीड पायली पीठ थापलं असेल. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, ती ओळ बदलू का? रील काढून टाकावा लागत नाही. तीन टिंबं दाबली की एडिट येतं. मिनिटाचं काम आहे."

मी म्हणाले, "आत्यांना विचार."

ती विचारणार नाही हे मला माहीत होतं. चुलीजवळ त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मला मोडायचा नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण त्या आनंदात माझाही वाटा होता, आणि भाकऱ्या थापणारे हात माझे नव्हते.

फेब्रुवारीत कणसं निबर झाली, हंगाम सरला. अमृत साप्ताहिक सुट्टीला आला. त्यानं कुणाला बोल लावला नाही. एवढंच म्हणाला, "आई, दोन महिन्यांत खोल्या अकरा दिवस भरल्या. जेवून गेली ती चारशेच्या वर. मी कंपनी सोडत नाही."

"आरं, पुढल्या साली हुईल की."

"पुढल्या साली हिनं परत एवढ्या भाकऱ्या थापायच्या?"

अपेक्षा पिशवी भरत होती. वच्छलाताईंनी तिला ज्वारीचं पीठ दिलं, चटणी दिली, पुन्हा आत जाऊन लोणचं आणलं. एसटी आली. पाडव्याला दोघं एका दिवसासाठी आली आणि संध्याकाळी गेली.

दुसऱ्या दिवशी मी सहज म्हणून तिकडं गेले. वच्छलाताई त्या दोन खोल्यांतल्या गाद्या गुंडाळत होत्या.

"पोरगी एक दिस तोंड वर करून बोलली न्हाय, बाई. मनगाट सुजलं तरी म्हनाली न्हाय."

"तिचा स्वभावच तसा."

त्यांनी गादीला दोरी बांधली. "तुमी तवा म्हनला आसता की, लिवा दर, तर मी लिवू दिला आसता. मी अडानी. अन्नाचं पैसं घ्यावं का न्हाय, मला काय कळतंय? तुमी शिकलेल्या, देवाधर्माच्या. तुमाला पटलं, म्हंजे बराबरच आसल म्हनलं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी अपेक्षाला फोन केला. म्हटलं, तो मजकूर पुन्हा लिहू. दर घालू, दिवसाच्या पाहुण्यांनाही आधी फोन करायला सांगू, दिवसाला वीसच माणसं घेऊ. ती ऐकून घेत होती. मागे शिलाई मशीनचा आवाज येत होता. ती आता पेठेत चादरींच्या कडा शिवायला जाते.

"बाई, आता राहू द्या."

"चूक माझी झाली, अपेक्षा. तू मजकूर लिहायला बोलावलंस आणि मी..."

"मजकूर मला लिहिता येतो," ती म्हणाली. "आत्या तुमचं ऐकतात म्हणून तुम्हाला बोलावलं होतं."

तिनं हे शांतपणे सांगितलं आणि वर माझी तब्येत विचारली.

रील अजून तसाच आहे. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी वच्छलाताईंकडे जाते, कारण एकटीसाठी त्या चूल पेटवायचा कंटाळा करतात. मी गेले की पेटवतात. परवा जेवताना त्यांनी विचारलं, "पोरीनं ताटाला किती लिवलं होतं वो?"

"हुरडा आणि जेवण, पाचशे."

त्यांनी थोडा विचार केला. "लई न्हाय की," म्हणाल्या, आणि माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली.