कन्व्हेअरची ओळ, क्रशरची ओळ

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली गाळ्यांमध्ये लेथ चालायचे, त्यांची थरथर माझ्या टेबलापर्यंत यायची. आम्ही गिअरबॉक्स विकायचो. गिऱ्हाइकाच्या मशीनला कुठला बॉक्स लागेल ते काढून द्यायचं, हे माझं काम. नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती.

एका सकाळी दहिसरच्या पुढच्या एका प्लांटवरून फोन आला. तिथे पाडलेल्या इमारतींचा राडारोडा फोडून खडी करत. क्रशरचा गिअरबॉक्स तुटला होता. आमच्याकडूनच घेतलेला होता, तसाच दुसरा लगेच पाठवा, असं त्यांचं म्हणणं. मी जुनी फाइल काढली, तर दोन वर्षांत तो तिसऱ्यांदा मोडलेला निघाला. आधी दोनदा आम्ही तो दुरुस्त करून दिला होता आणि दोन्ही वेळा कारणाच्या जागी ‘पिनियनचा माल खराब’ असं लिहिलं होतं.

मी सरांना म्हटलं, तसाच पाठवायच्या आधी एकदा बघून येते. सर म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक. तीस वर्षं याच धंद्यात, आणि मला कॅटलॉग वाचायला शिकवलं तेही त्यांनीच. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, पण जा म्हणाले.

प्लांटवरचे सुपरवायझर साठीचे होते. पूर्वी गिरणीत फिटर होते. माझं बोलणं ऐकून त्यांनी आधी विचारलं, “तू खंयची गो?” मालवणजवळची म्हटल्यावर चहा आला, पण बॉक्सचा विषय निघाला तसा आवाज कडक झाला. मोटर तीस किलोवॅटची, बॉक्स पंचेचाळीसचा, म्हणजे दीडपट. अजून किती मोठा हवा? तुमच्या मालातच खोट आहे, असं त्यांनी सरळ तोंडावर सांगितलं.

मी मोडलेला पिनियन, म्हणजे बॉक्समधलं छोटं दातेरी चाक, मागितला. त्यांनी तो पोत्यावर ठेवला. तीन दात मुळापासून गेले होते. चिंधीने पुसून उजेडात धरला, तर एका दाताच्या मोडलेल्या जागेवर अर्धा भाग गुळगुळीत दिसला, शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघांचा, आणि उरलेला भाग खरबरीत. खोट असती तर रेघांच्या मुळाशी एखादं छिद्र किंवा डाग सापडला असता. तसं काही नव्हतं. दात एका फटक्यात तुटला नव्हता. रोज थोडी थोडी चीर वाढत गेली होती आणि शेवटी उरलेला तुकडा एकदम सुटला होता. म्हणजे त्याच्या ताकदीपेक्षा जास्तीचे धक्के तो महिनोन् महिने खात होता.

सुपरवायझर काकांकडे शेजारी त्याच कामाचा आणखी एक जुना क्रशर चालू होता. त्यांना सांगून मी त्याच्या पॅनेलसमोर अर्धा तास उभी राहिले. विटा आल्या की अँपिअरचा काटा शांत असायचा. सळया अडकलेला बीमचा तुकडा आला की काटा उडायचा आणि जमीन हलायची. एकदा क्रशर गच्च भरून थांबला, आणि तसाच भरलेला पुन्हा सुरू केला. मी विचारलं, हे रोज किती तास चालतं? काका म्हणाले, दोन पाळ्या, सोळा तास.

ऑफिसला परतून मी मूळ निवडीचा कागद शोधला. गिअरबॉक्स निवडताना मोटरची ताकद एका आकड्याने गुणायची असते, त्याला सर्व्हिस फॅक्टर म्हणतात. मशीन अंगावर धक्के किती घेतं आणि दिवसाचे किती तास चालतं, त्यावर तो ठरतो. एकसारखा माल वाहणाऱ्या पट्ट्याला कमी, क्रशरला जास्त. आमच्या कॅटलॉगाच्या तक्त्यात दहा तासांच्या वर चालणाऱ्या क्रशरला दोन होता. कागदावर दीड होता, ओबडधोबड माल वाहणाऱ्या कन्व्हेअरच्या ओळीतला. त्या प्लांटने एकाच पत्रात सगळ्या लाइनचे गिअरबॉक्स मागितले होते, पाच कन्व्हेअर आणि एक क्रशर. सहाही मशीनना तक्त्यातली एकच ओळ लावली गेली होती.

खाली सरांची सही होती.

मी तो कागद बाजूला ठेवला. मग नवा हिशेब केला. तीस गुणिले दोन, साठ. कॅटलॉगात त्या वेगाला त्यावरचा पुढचा बॉक्स सहासष्टचा. उन्हाळ्यात तापेल का, तेही बघितलं. ते बघताना फॅक्टर लावायचा नसतो, कारण धक्क्याने दात मोडतो, पण तेल तापतं ते रोजच्या खऱ्या भाराने. त्यात तो आरामात बसत होता. पण सळई अडकून क्रशरचा रोलर जागीच थांबला तर नुसता फॅक्टर पुरत नाही, म्हणून मोटर आणि बॉक्सच्या मध्ये फ्लुइड कपलिंगही लिहिलं. त्यातल्या तेलामुळे अशा वेळी मोटर नुसती फिरत राहते, सगळा जोर दातांवर येत नाही.

दोन्ही कागद शेजारी शेजारी सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा लावला, दोन्हींवरचे आकडे ताडून बघितले. मग जुन्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, “ओळ चुकली. माझीच.”

मी काहीतरी सावरायला गेले, की त्यांचं पत्रच तसं होतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पत्रात क्रशर लिहिलेला होता, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः माझ्याबरोबर आले. मला वाटलं होतं, नवीन मॉडेल आलंय वगैरे सांगून वेळ निभावून नेतील. त्यांनी तसं केलं नाही. काकांसमोर दोन्ही कागद पसरले आणि म्हणाले, “माल चांगला होता. निवड चुकीची होती, आणि ती मी केली होती. बरोबर निवड हिने काढलीये. हिशेब हिच्याकडूनच समजून घ्या.”

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मी एकेक आकडा सांगितला. ते मधेच थांबवत होते, पण आता विचारणं वेगळं होतं. भरलेला क्रशर सुरू करणं बंद केलं तर? तेही करा, म्हटलं, पण दोनाचा दीड होणार नाही. मोटरच पंचेचाळीसची टाकली तर? मग बॉक्स नव्वदचा शोधावा लागेल, म्हटलं. काका हसले. “म्हणजे गिरणीतला कापडाचा साचा आणि हा क्रशर एका मापाने मोजूचो नाय.”

नवा बॉक्स जुन्यापेक्षा उंच होता. बेसप्लेट बदलावी लागली, मोटरखाली ठोकळे घालावे लागले. काकांनी दोन दिवस स्वतः उभं राहून शाफ्ट एका रेषेत आणले, कुणाला हात लावू दिला नाही. जुना बॉक्स सरांनी परत घेतला.

वर्षभराने तपासणीला गेलो. तेल काढलं, झाकण उघडलं. काकांनी बॅटरी धरली आणि मला पुढे केलं. दातांवर घासल्याची झळाळी एकसारखी, पूर्ण रुंदीभर. कुठे चीर नाही, खड्डा नाही. मी बाजूला झाले तसे सर वाकले. बराच वेळ बघत राहिले.

त्यानंतर सरांनी ऑफिसात नियम केला, की क्रशरची निवड माझ्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही. मी पंचवीस वर्षांची होते. कागदावर पहिली सही केली ती इतकी मोठी आली, की शेजारचा रकानाही भरला.